कंपनी विकली जातेय? राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

वाळूजला किंवा शेंद्र्याला एखादा कारखाना विकला जातो, तेव्हा कामगाराला ते बहुतेक वेळा कॅन्टीनमध्ये कळतं. मग एका दिवशी एचआरकडून बोलावणं येतं. टेबलावर दोन कागद ठेवलेले असतात: एक जुन्या कंपनीचा राजीनामा, दुसरं नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. "काही नाही, फॉर्मॅलिटी आहे. पगार तोच, मशीन तेच, शिफ्ट तीच. इथं सही करा." बाहेर वीस जण रांगेत उभे असतात, आणि दोन मिनिटांत सही होते.

या दोन कागदांबद्दलच हा लेख आहे. पगार तोच राहिला तरी या सहीनं चौदा-पंधरा वर्षांची सर्व्हिस एका दिवसात शून्यावर येऊ शकते. ती टिकवायची असेल तर काय तपासायचं, काय मागायचं आणि काय लिहून द्यायचं, हे क्रमानं सांगतो. मुख्यतः कारखान्यातल्या कायम कामगाराचा विचार केला आहे. अधिकारी आणि कंत्राटी कामगार यांच्याबद्दल पुढं थोडक्यात आहे.

आधी कळून घ्या की मालक खरंच बदलला का

"कंपनी विकली" हे सगळेच म्हणतात, पण त्यामागं तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तुमचा हक्क त्यावर ठरतो.

पहिली म्हणजे शेअर विकले जाणं. जुन्या मालकानं आपले शेअर नव्याला दिले, संचालक बदलले, कदाचित गेटवरची पाटीही बदलली. पण कायद्याच्या नजरेत तुम्हाला नोकरीवर ठेवणारी कंपनी तीच आहे. तुमची नोकरी कुठंही गेलेली नाही, त्यामुळं राजीनामा आणि नवं नेमणूकपत्र यांचा इथं प्रश्नच येत नाही. अशा वेळी कुणी राजीनामा मागितला तर तो का मागितला जातोय, याचं उत्तर लेखी मागा.

दुसरी म्हणजे कारखाना किंवा एखादं युनिट चालू स्थितीत दुसऱ्या कंपनीला विकणं. याला कागदोपत्री 'स्लम्प सेल' किंवा 'बिझनेस ट्रान्सफर' म्हणतात. इथं जुनी कंपनी जिवंत राहते, मात्र तुमचा कारखाना दुसऱ्या कंपनीच्या नावावर जातो. मालक खरोखर बदलतो. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते, म्हणून लेखाचा मोठा भाग याच प्रकाराला दिला आहे.

तिसरी म्हणजे विलीनीकरण. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ प्रमाणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, एक योजना मंजूर करतं आणि एक कंपनी दुसरीत विरघळते. या योजनेत कर्मचाऱ्यांचं एक स्वतंत्र कलम जवळजवळ नेहमीच असतं: सर्व कर्मचारी नव्या कंपनीचे कर्मचारी होतील, सेवेत खंड पडणार नाही, अटी कमी प्रतीच्या असणार नाहीत. हे कलम न्यायाधिकरणाच्या आदेशाचा भाग होतं, म्हणून ते एचआरच्या तोंडी आश्वासनापेक्षा कितीतरी पक्कं असतं. योजनेची प्रत मागून घ्या आणि ते एक पान जपून ठेवा. योजनेत दोन तारखा दिसतील. 'अपॉइंटेड डेट' ही हिशेबाची तारीख असते आणि ती कधी कधी वर्षभर मागचीही असते. कर्मचारी साधारणपणे 'इफेक्टिव्ह डेट'पासून नव्या कंपनीत जातात. या दोन तारखांत गल्लत झाली की पीएफच्या नोंदी चुकतात.

तुमच्या बाबतीत यातलं काय घडतंय ते ओळखायला वकील लागत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर खाली सीआयएन नावाचा एकवीस अक्षर-अंकांचा क्रमांक छापलेला असतो. त्यातले शेवटचे सहा आकडे हा कंपनीचा नोंदणी क्रमांक. कंपनीचं नाव बदललं तरी हे सहा आकडे बदलत नाहीत. जुन्या आणि नव्या पत्रावर ते एकच असतील तर कंपनी तीच आहे, फक्त नाव किंवा शेअरवाले बदलले. आकडे वेगळे असतील तर बहुधा तुमचा मालक बदलतोय. फॉर्म १६ वर कंपनीचा टॅन आणि पॅन असतो, पीएफ पासबुकावर आस्थापनेचा कोड असतो. खात्री करायला त्यांचीही तुलना करता येते.

कायदा काय म्हणतो, आणि तो लातूरच्या रेल्वेपासून कसा आला

मालक बदलला तर कामगाराचं काय, या प्रश्नाचं आजचं उत्तर ज्या खटल्यातून आलं तो आपल्याच भागातला आहे. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरपर्यंत जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही एका खासगी कंपनीची छोट्या रुळांची गाडी होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारनं ती विकत घेतली. कंपनीनं आधीच नोटीस काढून सांगितलं की ३१ डिसेंबर १९५३ ला सगळ्यांची नोकरी संपेल. बऱ्याच जणांना सरकारनं कामावर ठेवून घेतलं, पण मागच्या सेवेचं काय? कामगारांनी कंपनीकडे कपातीची, म्हणजे नोकरीवरून कमी केल्याची, भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल आला तो कामगारांच्या विरोधात: मालकच बदलला तर त्याला 'कपात' म्हणता येत नाही, म्हणून भरपाई नाही.

या निकालानं उघडी पडलेली पोकळी भरायला संसदेनं १९५७ साली औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५-एफएफ आजच्या स्वरूपात लिहिलं आणि ते निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तीच तरतूद आता त्या संहितेच्या कलम ७३ मध्ये आहे. कलमाचा आकडा बदलला, गाभा तोच राहिला.

गाभा असा. कारखान्याची मालकी किंवा व्यवस्थापन दुसऱ्याकडे गेलं, तर किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या प्रत्येक कामगाराला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळाली पाहिजे. ती द्यायची जबाबदारी जुन्या मालकाची. यातून जुना मालक सुटतो तो एकाच परिस्थितीत, तीन अटी एकत्र पाळल्या गेल्या तरच:

एक, बदलामुळं कामगाराच्या सेवेत खंड पडला नाही.

दोन, नव्या मालकाकडच्या अटी आधीपेक्षा कोणत्याही बाबतीत कमी प्रतीच्या नाहीत.

तीन, उद्या नव्या मालकानं कपात केली तर पहिल्या दिवसापासूनची सगळी सेवा धरून भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी त्यानं घेतली आहे.

म्हणजे कामगाराला दोनपैकी एक गोष्ट मिळायलाच हवी: एकतर जुन्या मालकाकडून भरपाई, नाहीतर नव्याकडे अखंड सेवा. दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातच अनकापल्ले साखर कारखान्याच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण एकही न मिळणं हे कायद्याला मान्य नाही. आणि राजीनाम्याच्या कागदानं नेमकं तेच घडतं. तुम्ही स्वतः नोकरी सोडलीत म्हणून जुन्याकडे भरपाई नाही, आणि नव्याकडे तुम्ही नवे म्हणून मागची सेवा नाही.

कलमात 'व्यवस्थापन' हा शब्द आहे, तो विसरू नका. बीड, धाराशिव, परभणीकडच्या लोकांसाठी तो फार कामाचा आहे. सहकारी साखर कारखाना विकला न जाता भाडेतत्त्वावर दुसऱ्याला चालवायला दिला, तरी व्यवस्थापन बदलतं. "आम्ही कुठं विकत घेतलाय, आम्ही तर फक्त चालवतोय" या उत्तरानं कामगाराचा प्रश्न मिटत नाही.

एक हिशेब करून बघू

समजा, वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा ऑपरेटर आहे. तो १ जुलै २०११ ला कायम झाला. १ एप्रिल २०२६ ला युनिट दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. त्या दिवशी त्याची सेवा चौदा वर्षं नऊ महिने. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून हिशेबाला पंधरा वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये, सगळे भत्ते धरून सरासरी वेतन महिना २४,००० रुपये.

त्यानं राजीनामा दिला आणि नवं पत्र घेतलं. हिशेब चुकता करताना त्याला ग्रॅच्युइटी मिळाली: २०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १५ वर्षं. म्हणजे १,७३,०७७ रुपये. एकरकमी पैसे हातात आले, घराचं काम झालं, सगळे खूश. एचआरसुद्धा हीच रक्कम दाखवून सही घेतं. पण ग्रॅच्युइटी त्याच्या हक्काचीच होती, ती आज ना उद्या मिळणारच होती. खरा हिशेब पुढं आहे.

तो खरोखर जायला तयार नव्हता, किंवा नव्या मालकानं तीन अटी पाळल्या नाहीत असं धरू. तर जुन्या मालकानं त्याला ग्रॅच्युइटीशिवाय भरपाई देणं लागत होतं: पूर्ण झालेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचं सरासरी वेतन. इथं २६ नं भागत नाहीत. ते सूत्र ग्रॅच्युइटीचं आहे. कपातीच्या भरपाईत पंधरा दिवस म्हणजे महिन्याचा अर्धा पगार. १२,००० गुणिले १५, म्हणजे १,८०,००० रुपये, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात एक महिन्याचा पगार. राजीनाम्यावर सही झाली त्या क्षणी हे पैसे जुन्या मालकाचे वाचले.

आता दोन वर्षांनी, १ एप्रिल २०२८ ला, नव्या मालकानं एक लाइन बंद केली आणि कपात सुरू केली असं समजा. तेव्हा सरासरी वेतन २८,००० रुपये झालेलं आहे. सेवा अखंड असती तर सोळा वर्षं नऊ महिने, म्हणजे सतरा वर्षांची भरपाई: १४,००० गुणिले १७, म्हणजे २,३८,००० रुपये. राजीनामा दिलेला असल्यामुळं सेवा धरली जाते फक्त दोन वर्षांची: २८,००० रुपये. ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे पाच वर्षं लागतात, म्हणून नव्या कंपनीकडून तीही नाही.

आणि त्याआधीचा प्रश्न म्हणजे कपात कुणाची होणार. कायद्याचा नियम आहे की त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो. पंधरा वर्षं जुना ऑपरेटर नव्या पत्रामुळं यादीत तळाला जाऊन बसतो. नव्या कंपनीचे स्वतःचे चार वर्षं जुने कामगार असतील तर ते त्याच्या वर असतात. माझ्या मते हे नुकसान रुपयांत मोजता येत नाही, आणि सही करताना त्याचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही.

तारखेच्या आधी गोळा करायचे कागद

मालक बदलला की जुन्या एचआरचं कपाट कुठं जातं ते सांगता येत नाही. जुन्या कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड तर दुसऱ्या दिवशी बंद होतो. म्हणून बातमी कानावर आली की लगेच हे स्वतःजवळ घ्या: मूळ नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, पगारवाढीची पत्रं, निदान शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, शिल्लक रजेचा उतारा, आणि युनियननं केलेल्या शेवटच्या वेतनकराराची प्रत.

यातला वेतनकरार विशेष जपा. कामगार विभागाच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार फक्त सही करणाऱ्या मालकालाच बांधतो असं नाही. त्या कारखान्यापुरता तो त्याच्या जागी आलेल्या मालकालाही बांधतो. कराराला अजून दीड वर्ष शिल्लक असेल तर नवा मालक पहिल्याच महिन्यात "आमच्याकडं असा भत्ता नाही" म्हणून तो काढू शकत नाही. वेतन, कामाचे तास, रजा यांसारख्या अटी बदलायच्या असतील तर आधी बदलाची नोटीस द्यावी लागते आणि एकवीस दिवस थांबावं लागतं. हा नियम जुन्या कायद्यात कलम ९-ए म्हणून ओळखीचा होता, नव्या संहितेत तो कलम ४० आहे.

पीएफचं पासबुक उघडून महिनावार भरणा तपासा. विकायला निघालेल्या कंपन्यांत शेवटचे काही महिने पगारातून पीएफ कापला जातो, पण भरला जात नाही, असं दिसतं. विक्रीच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीला पीएफ कायद्याप्रमाणे जुना आणि नवा मालक दोघंही जबाबदार असतात. मात्र नव्याची जबाबदारी त्यानं घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतीच असते. म्हणून थकबाकी विक्रीआधी पकडलेली बरी. तेव्हा जुन्या मालकाला व्यवहार पुरा करायची घाई असते, आणि तुमचं म्हणणं ऐकलं जातं.

पत्र वाचायचं कसं

नीट झालेल्या व्यवहारात कामगाराला राजीनामा द्यावाच लागत नाही. जुनी कंपनी बदलीची सूचना देते, नवी कंपनी सेवा चालू ठेवल्याचं पत्र देते. त्या पत्रात तीन वाक्यं शोधा. शब्द थोडे वेगळे असतील, अर्थ हाच हवा:

"आपली मूळ नेमणूक तारीख १ जुलै २०११ हीच राहील आणि आपली सेवा सर्व कारणांसाठी अखंड मानली जाईल."

"आपल्या सेवेच्या अटी बदलाच्या दिवशी लागू असलेल्या अटींपेक्षा कमी प्रतीच्या नसतील."

"ग्रॅच्युइटी, रजा आणि कपातीची भरपाई यांसाठी आधीच्या कंपनीतील सेवा धरली जाईल आणि त्याची जबाबदारी आमची राहील."

पत्रात 'जॉइनिंग डेट' नवीन टाकली असेल, सहा महिन्यांचा प्रोबेशन लिहिला असेल, किंवा "आधीचे सर्व करार या पत्रानं रद्द होतात" असं एखादं वाक्य शेवटच्या पानावर असेल, तर वरची तीन वाक्यं कितीही गोड असली तरी ती पोकळ आहेत. प्रोबेशनचं कलम विशेषतः बघा, कारण ते बहुतेक वेळा छापील नमुन्यातून तसंच येतं. एचआरला दाखवलं तर काढूनही टाकतात. पण सही झाल्यावर कुणी काढत नाही. बदलीची जागा हेही तपासा. आधीच्या पत्रात फक्त वाळूज असेल आणि नव्यात "भारतात कुठेही" आलं असेल, तर ती अट कमी प्रतीची झाली.

पत्र इंग्रजीत असतं आणि वाचायला वेळ देत नाहीत, ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार आहे. तेव्हा एवढंच म्हणा: "साहेब, मला नाही म्हणायचं नाही, पण घरी नेऊन वाचतो, उद्या देतो." प्रत घरी नेऊ देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मागा. तीही नाकारली तर युनियनच्या प्रतिनिधीला सोबत बोलवा. एकट्यानं भांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच अर्ज दिलेला चांगला.

राजीनामा मागितलाच तर

पहिला मार्ग म्हणजे राजीनाम्याऐवजी संमतीपत्र द्यायचं. बऱ्याच कंपन्यांना प्रत्यक्षात एवढंच हवं असतं की कामगार नव्या कंपनीत जायला तयार आहे, याचा कागद फाइलला लागावा. असं लिहून द्या:

"अमुक कंपनीचे वाळूज येथील युनिट तमुक कंपनीकडे हस्तांतरित होत असल्याचे मला कळवण्यात आले आहे. माझी सेवा १ जुलै २०११ पासून अखंड धरून, सध्याच्या अटींपेक्षा कमी नसलेल्या अटींवर, तमुक कंपनीत काम करण्यास माझी संमती आहे. हा राजीनामा नाही."

दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. शेवटचं वाक्य खोडू नका.

दुसरी वेळ येते जेव्हा सांगितलं जातं की राजीनामा नाही तर उद्यापासून गेट बंद. तेव्हा लक्षात घ्या की दबावाखाली घेतलेला राजीनामा नंतर न्यायालयात आव्हान देता येतो, पण दबाव होता हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं, आणि ते कठीण जातं. म्हणून पुरावा त्याच दिवशी तयार झाला पाहिजे. सही करावीच लागली तर त्याच दिवशी जुन्या आणि नव्या दोन्ही कंपन्यांना ईमेल किंवा रजिस्टर पोस्टानं कळवा की हा राजीनामा हस्तांतरणाच्या औपचारिकतेसाठी मागितला म्हणून दिला आहे, नोकरी सोडण्याचा तुमचा हेतू नव्हता आणि सेवा अखंड असल्याचा हक्क तुम्ही सोडलेला नाही. महिनाभरानं लिहिलेल्या पत्रापेक्षा त्याच संध्याकाळी पाठवलेल्या चार ओळींचं वजन खूप जास्त असतं. तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर मात्र कुठल्याही परिस्थितीत सही करू नका. त्यावर नंतर कुठलीही तारीख पडू शकते.

नव्या मालकाकडे जायचंच नसेल तर? मनाविरुद्ध नव्या मालकाचं काम करायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली फिलिप्सच्या कोलकात्याच्या कारखान्याच्या खटल्यात म्हटलं आहे. पण हा मार्ग मी सहजासहजी सुचवणार नाही. नव्या मालकानं तिन्ही अटी नीट पाळल्या असतील तर जुना मालक "भरपाईचा प्रश्नच नाही" असा पवित्रा घेतो आणि खटला अनेक वर्षं चालतो. नकार द्यायचा असेल तर तो लेखी, कारणासह, आणि हस्तांतरणाच्या तारखेआधी द्या.

बदलानंतरचे पहिले तीन महिने

नव्या कंपनीचा पीएफ कोड वेगळा असतो, म्हणून तुमचा यूएएन तोच राहतो पण त्याखाली नवा मेंबर आयडी तयार होतो. पीएफच्या पोर्टलवर जाऊन `View > Service History` उघडा. जुन्या कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख ३१ मार्च आणि नव्यात रुजू झाल्याची १ एप्रिल असली पाहिजे. कुणीतरी घाईत रुजू होण्याची तारीख ७ एप्रिल टाकतं, कारण त्या दिवशी पत्रं वाटली गेली. असा आठवड्याचा खंड आज किरकोळ वाटतो, पण सेवेत खंड पडल्याचा तोच कागदी पुरावा होऊन बसतो. दिसल्याबरोबर एचआरकडून दुरुस्ती करून घ्या.

जुनी शिल्लक नव्या आयडीत आपोआप आली नसेल तर `Online Services > One Member - One EPF Account (Transfer Request)` मधून अर्ज करा. पैसे काढून घेऊ नका. ते काढले की पेन्शनच्या सेवेचा हिशेब अडचणीत येतो, आणि पाच वर्षं पूर्ण नसतील तर करही लागतो.

ग्रॅच्युइटीसाठी बऱ्याच कंपन्या विमा कंपनीकडे गट योजनेत पैसे ठेवतात. जुन्या निधीतली तुमच्या नावाची रक्कम नव्या निधीत गेली का, एवढं एकदा लेखी विचारा. गेली नसली तरी अखंड सेवा कबूल केलेला नवा मालक ग्रॅच्युइटी देण्यातून सुटत नाही, पण निधी रिकामा असला की पैसे मिळायला उशीर होतो. पहिल्या पगारपावतीवर रजेची शिल्लक आणि नेमणूक तारीख बघा. तिथं २०२६ दिसलं तर पत्रात काहीही लिहिलेलं असो, संगणकात तुम्ही नवे आहात. पुढची प्रत्येक यादी त्याच संगणकातून निघते.

अधिकारी आणि कंत्राटी कामगार

कलम ७३ फक्त 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना लागू होतं. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत. देखरेखीचं काम करणारा असेल आणि वेतन महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तोही बाहेर जातो. मात्र हे पदाच्या नावावरून ठरत नाही. 'सुपरवायझर' असं पत्रात लिहिलेलं असलं पण दिवसभर स्वतः मशीन चालवत असाल, तर तुम्ही कामगारच ठरू शकता. म्हणून रोजच्या कामाची नोंद, शिफ्टचं रजिस्टर, जॉबकार्ड यांचे फोटो ठेवा. जे खरोखर अधिकारी आहेत त्यांचा आधार म्हणजे त्यांचं नेमणूकपत्र आणि दोन कंपन्यांमधला हस्तांतरण करार. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे हक्क मात्र त्यांनाही आहेत, म्हणून अखंड सेवेचं वाक्य त्यांनीही पत्रात मागावं.

कंत्राटी कामगाराचा मालक कागदावर ठेकेदार असतो, आणि तो बदललेला नसतो. त्यामुळं कलम ७३ चा आधार त्याला कारखान्याच्या नव्या मालकाविरुद्ध सहसा मिळत नाही. त्यानं ठेकेदाराकडून सेवेचा दाखला, पगारपावत्या आणि ईएसआय-पीएफचे क्रमांक तेवढे सांभाळावेत. थकलेल्या पगाराची जबाबदारी मूळ मालकावर येते, ती मागताना हेच कागद लागतात.

दाद कुठं मागायची

पहिला अर्ज कंपनीला, दुसरा कामगार विभागाला. छत्रपती संभाजीनगरला कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे. इतर जिल्ह्यांत सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी असतात. अर्जात लांबलचक इतिहास नको. मूळ नेमणूक तारीख, हस्तांतरणाची तारीख, जुन्या आणि नव्या कंपनीचं पूर्ण नाव, आणि तीनपैकी कोणती अट पाळली गेली नाही, एवढं एका पानात लिहा. सोबत दोन्ही पत्रांच्या प्रती जोडा. दोन्ही कंपन्यांना सामनेवाले करा. एकीलाच केलं तर ती दुसरीकडे बोट दाखवते आणि सहा महिने त्यातच जातात.

नोकरीच गेली असेल तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत काही झालं नाही, तर कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकतो. त्यासाठी युनियनची गरज लागत नाही. मात्र हे सगळं नोकरी गेल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत व्हायला हवं. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, म्हणून जुन्या लोकांकडून "अजून वेळ आहे" असं ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. ग्रॅच्युइटी अडली असेल तर तिच्यासाठी वेगळा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावा लागतो, वरच्या अर्जात ती मागून भागत नाही.